आजीचं ‘भूर’ आणि बाळाचं व्याकरण

प्रश्न: माझा मुलगा पावणेदोन वर्षांचा आहे. सासूबाई त्याच्याशी ‘मम्मं’, ‘भूर’, ‘अले ले, काय झालं माझ्या छोनूला’ असंच बोलतात. मिस्टर म्हणतात, मोठ्यांशी बोलतो तसं स्वच्छ बोला, नाहीतर तो बोबडाच राहील. मी कुठेतरी वाचलं की काही समाजांत बाळांशी असं कुणी बोलतच नाही, तरी मुलं बोलायला लागतात. मग या लाडिक बोलण्याची खरंच गरज असते का? की त्यानं नुकसान होतं?

उत्तर:

नुकसान होत नाही. सासूबाईंना थांबवू नका, हे आधी सांगते. गरज असते का, याचं उत्तर मात्र एका शब्दात देता येत नाही, कारण आपण ज्याला लाडिक बोलणं म्हणतो त्यात तीन-चार वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. त्यातल्या काही नसल्या तरी मुलाचं काही अडत नाही. एक नसली तर मात्र शब्द जमायला वेळ लागतो. मी 22 वर्षं वाचा-उपचारतज्ज्ञ म्हणून काम करते आहे आणि हा वाद जवळजवळ दर आठवड्याला माझ्यासमोर येतो. बहुतेक वेळा घरातली माणसं भांडत असतात ती बिनमहत्त्वाच्या भागावरून.

सासूबाईंच्या बोलण्यापासूनच सुरुवात करू. 1964 साली चार्ल्स फर्ग्युसन या अमेरिकन भाषावैज्ञानिकानं सहा भाषांमधल्या बाळबोलीची तुलना केली. त्या सहांमध्ये अरबी, इंग्रजी, स्पॅनिश यांच्याबरोबर आपली मराठीही होती. त्याच वर्षी अशोक केळकरांनी मराठी बाळबोलीवर स्वतंत्र लेख लिहिला. एकमेकींशी काही नातं नसलेल्या भाषांतही मोठी माणसं बाळापुढे साधारण सारखंच वागतात. आवाज वर नेतात, हेल काढतात, शब्द दुहेरी करतात, अवघड ध्वनीच्या जागी सोपा ध्वनी घालतात. मराठीत ‘र’चा ‘ल’ होतो, ‘स’चा ‘श’ किंवा ‘छ’ होतो आणि चिऊ, काऊ, माऊ, भूभू, हम्मा, बाऊ, जोजो, भूर असा एक छोटा शब्दकोशच तयार असतो. हा कोश बाळ घडवत नाही. तो आजीकडून नातवाकडे येतो, म्हणजे तो मोठ्यांच्याच भाषेचा एक भाग आहे.

आता सासूबाईंचं एखादं वाक्य कान देऊन ऐका. ‘चिऊला दाणे टाकूया का?’ ‘माऊच्या शेपटीला हात नाही लावायचा.’ ‘बाळाला भूर जायचंय ना?’ या वाक्यांत शब्द बाळाचे आहेत, पण व्याकरण पूर्ण मोठ्यांचं आहे. विभक्ती आहे, क्रियापदाची रूपं आहेत, नकार आहे, प्रश्न आहे. ‘चिऊ दाणे टाक’ असं तोडकंमोडकं बोलणारी आजी मला फारशी भेटलेली नाही. म्हणजे ज्याला आपण सोपं करणं म्हणतो, ते प्रामुख्यानं शब्दांच्या आणि आवाजाच्या पातळीवर होतं. वाक्यं आखूड असतात, पण ती मोडलेली नसतात.

मराठीपुरती एक गोष्ट मला यात विशेष वाटते. ‘कावळा’ला ‘ला’ लावायचा तर आधी ‘कावळ्या’ करावं लागतं. ‘कुत्रा’चं ‘कुत्र्या’ होतं, ‘मांजर’चं ‘मांजरा’. मराठी शिकणाऱ्या परक्या माणसाला हे सामान्यरूप घाम फोडतं. पण काऊला, भूभूला, माऊला, हम्माला म्हणताना मूळ शब्द तसाच राहतो आणि ‘ला’ उघडा, वेगळा ऐकू येतो. मुलाला आधी ‘ला’ सापडतो, शब्दाचं रूप बदलायची भानगड नंतर येते. हे कुणी ठरवून केलेलं नाही आणि यामुळेच मुलं विभक्ती शिकतात असा माझा दावाही नाही. पण ‘काऊ’ म्हटल्यानं मराठी बिघडते असं जे म्हणतात त्यांनी एवढं तरी पाहावं, की ‘काऊला’मध्ये मराठीची चतुर्थी अगदी धडधाकट आहे.

बोबडं राहण्याच्या भीतीबद्दल. ‘र’ हा ध्वनी मुलांच्या जिभेला उशिरा साधतो. ज्या घरात कुणी कधी ‘अले’ म्हटलेलं नाही, तिथलं मूलही अडीच-तीन वर्षांचं असताना ‘लाजा’च म्हणतं. पण त्याच्या कानात ‘राजा’ नीट असतो. 1960 मध्ये जीन बर्को आणि रॉजर ब्राउन यांनी एका मुलाबद्दल लिहिलं होतं. तो माशाला इंग्रजीत ‘फिश’ऐवजी ‘फिस’ म्हणायचा. मोठ्यांनी त्याला ‘हा तुझा फिस का?’ असं विचारलं की तो रागावून नाही म्हणायचा आणि पुन्हा ‘माझा फिस’ असंच म्हणायचा. मोठ्या माणसानं ‘फिश’ म्हटल्यावरच तो हो म्हणाला. हे घरी करून बघता येतं. मूल ‘लाजा’ म्हणत असेल तर तुम्हीही ‘लाजा’ म्हणा. बहुतेक मुलं तोंडाकडे बघत राहतात किंवा चिडतात. उच्चार जिभेमुळे अडलेला असतो, आजीमुळे नाही. चार-साडेचार वर्षांनंतरही बोलणं घराबाहेरच्या माणसाला कळत नसेल, तर त्याचा विचार वेगळा करायचा.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते. काही समाजांत बाळांशी बोलत नाहीत, हे तुम्ही वाचलं ते खरं आहे, पण ते अर्धं आहे. पापुआ न्यू गिनीतल्या कालुली लोकांमध्ये बाम्बी शीफेलिन राहिल्या, सामोआत एलिनॉर ऑक्स राहिल्या, आणि 1984 मध्ये दोघींनी मिळून लिहिलं. कालुली आई बाळाला समज नसते असं मानते. ती त्याच्याशी गप्पा मारत नाही. उलट त्याला बाहेरच्या माणसांकडे तोंड करून धरते आणि बाळाच्या वतीनं, वरच्या आवाजात, पण पूर्ण वाक्यांत त्यांच्याशी बोलते. बाळबोली बोलली तर मूल तसंच बालिश बोलत राहील, असंही ते मानतात. तुमचे मिस्टर म्हणतात तेच. मूल ‘आई’ आणि ‘स्तन’ हे दोन शब्द बोललं की भाषा सुरू झाली असं समजतात आणि मग त्याला बोलायला शिकवू लागतात. कुणाला काय म्हणायचं ते आई पूर्ण वाक्यात सांगते आणि शेवटी ‘एलेमा’, म्हणजे ‘असं म्हण’, असं जोडते. ही मुलं उत्तम कालुली बोलतात. म्हणजे शब्द सोपे करणं, हेल काढणं, ‘र’चा ‘ल’ करणं यातलं काहीही भाषा येण्यासाठी अनिवार्य नाही. हा मुद्दा माझ्या मते निकाली निघाला आहे.

पण म्हणून मूल नुसतं कोपऱ्यात बसून भाषा शिकतं, असा अर्थ काढू नका. मेक्सिकोच्या चियापासमध्ये त्सेल्ताल माया भाषा बोलणाऱ्या एका खेड्यात मारिसा कॅसियास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन वर्षांखालच्या मुलांचं दिवसभराचं ध्वनिमुद्रण केलं. मुलाला उद्देशून केलेलं बोलणं तासाला सरासरी साडेतीन मिनिटांच्या आसपास भरलं. तरीही बडबड, पहिले शब्द, दोन शब्दांची जोडी हे टप्पे त्या मुलांनी साधारण वेळेवर गाठले. साडेतीन मिनिटं थोडी आहेत, पण शून्य नाहीत. शिवाय ते मूल दिवसभर पाठीवर, कडेवर, माणसांच्या मध्ये असतं. बोलणाऱ्याची नजर, हात, वस्तू सगळं त्याच्या डोळ्यांसमोर असतं.

शून्याच्या जवळ गेलं की काय होतं याचंही उदाहरण आहे. 1981 मध्ये जॅकलिन सॅक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका ऐकू येणाऱ्या मुलाबद्दल लिहिलं. त्याचे आईवडील बहिरे होते, त्यांनी त्याच्याशी खुणांच्या भाषेत संवाद ठेवला नव्हता, आणि बोलली जाणारी भाषा त्याला बहुतांशी टीव्हीवरून मिळत होती. पावणेचार वर्षांचा असताना तो बोलत होता, पण त्याची वाक्यरचना इतर मुलांच्या चुकांपेक्षाही वेगळी, विचित्र होती. मोठी माणसं त्याच्याशी नियमित बोलू लागल्यावर तो झपाट्यानं सुधारला. भाषा कानावर पडत होती, पण त्याच्याकडे बघून, त्याच्यासाठी थांबून कुणी ती बोलत नव्हतं. माझ्याकडे येणाऱ्या पालकांना मी याच कारणानं सांगते की मोबाइलवरच्या बडबडगीतांना ‘बोलणं’ म्हणून मोजू नका.

शब्दसंपत्तीचा हिशेब मात्र वेगळा आहे, आणि तिथे मुलाला उद्देशून बोलण्याचं पारडं जड आहे. एड्रियाना वाइसलेडर आणि ॲन फर्नाल्ड यांनी कॅलिफोर्नियात स्पॅनिश बोलणाऱ्या 29 कुटुंबांतल्या 19 महिन्यांच्या मुलांचं एका दिवसाचं बोलणं मुद्रित केलं. सगळी कुटुंबं साधारण सारख्याच कमी उत्पन्नाची होती. तरी एका मुलाला उद्देशून दिवसभरात सुमारे 670 शब्द बोलले गेले होते, तर दुसऱ्याला 12 हजारांच्या वर. ज्यांना उद्देशून जास्त बोललं गेलं, त्यांचे शब्द दोन वर्षांच्या वयात जास्त होते आणि ओळखीचा शब्द ऐकल्यावर त्यांची नजर योग्य चित्राकडे जास्त पटकन जात होती. मोठ्यांच्या आपापसातल्या गप्पा कितीही कानावर पडल्या तरी तसा फरक दिसला नाही. इथे सावधपणाही हवा. जास्त बोलणारे आईवडील आणि जास्त बोलणारं मूल यांत रक्ताचाही संबंध असतो, आणि बोलक्या मुलाशी माणसं आपसूकच जास्त बोलतात. तरीही माझ्या कामात मी याच निष्कर्षावर सर्वांत जास्त भिस्त ठेवते.

व्याकरणाबद्दल काय? 1977 मध्ये एलिसा न्यूपोर्ट आणि ग्लाइटमन दांपत्यानं 15 आया आणि त्यांच्या लेकींचं बोलणं तपासलं. आईचं वाक्य जितकं सोपं तितकं मुलीचं व्याकरण लवकर, असं त्यांना सापडलं नाही. जी आई हो-नाहीचे प्रश्न जास्त विचारते, तिच्या मुलीची सहायक क्रियापदं लवकर येतात, हे मात्र दिसलं, कारण इंग्रजीत अशा प्रश्नात सहायक क्रियापद वाक्याच्या तोंडाशी येतं. ही गोष्ट मराठीला जशीच्या तशी लागू करू नका. आपण वाक्याच्या शेवटी ‘का’ लावतो आणि क्रियापद होतं तिथेच राहतं. आपल्याकडे क्रियापद एरवीही वाक्याच्या शेवटी, ठळक जागी असतं.

मराठीत मला दुसरी एक गोष्ट दिसते, आणि ती फक्त मुलाशी बोलण्यानं सुटत नाही. घरात दिवसभर आई आणि आजीच असेल तर मुलगा बरेचदा ‘मी जाते’ म्हणतो. आईवडील घाबरतात. विचार करा, त्याच्याशी बोलताना सगळे ‘तू जातोस’ म्हणतात. ‘मी जातो’ हे रूप त्याच्याबद्दल बोलताना दुसरं कुणी कधीच वापरणार नाही. त्याला ‘मी’ सापडतो तो आईच्या तोंडून, आणि तिच्या ‘मी’बरोबर ‘जाते’ येतं. शिवाय आपण बाळाशी बोलताना ‘मी’, ‘तू’ टाळतोही: ‘आई देते हं’, ‘बाळ पडलं का?’ मी म्हणजे जो बोलतोय तो, हे कळायला दोन माणसं एकमेकांशी बोलताना ऐकावी लागतात. युरिको ओशिमा-ताकाने यांनी धाकट्या भावंडांचा अभ्यास केला, तेव्हा सर्वनामांच्या बाबतीत ती थोरल्यांपेक्षा पुढे दिसली, कारण आई आणि थोरलं भावंड यांचं बोलणं त्यांना सतत ऐकायला मिळतं. तेव्हा शब्दांसाठी त्याच्याशी बोला, आणि ‘मी-तू’साठी त्याच्यादेखत एकमेकांशी बोला. बाबांनी संध्याकाळी ‘मी दूध आणायला जातो, तू येतेस का?’ असं आईला त्याच्यासमोर म्हणणं हे ‘जातो’साठी फार उपयोगी असतं. बहुतेक मुलांचं ‘जाते’ आपोआप ‘जातो’ होतं, त्याला टोकत बसू नका.

टोकण्याचा विषय निघालाच आहे. मूल ‘मी करलं’ म्हणतं. त्याला ‘करलं नाही, केलं म्हण’ असं सांगून फारसं हाती लागत नाही. ब्राउन आणि हॅनलन यांनी 1970 मध्ये दाखवलं होतं की आईवडील मुलाचं वाक्य बरोबर म्हणतात की चूक, हे व्याकरणावरून ठरत नाही, ते खरं आहे की खोटं यावरून ठरतं. आपणही तसेच. ‘बाबांनी चहा करलं’ म्हटल्यावर आई ‘हो!’ म्हणते, कारण बाबांनी खरंच चहा केलेला असतो. पण त्या ‘हो’च्या पाठोपाठ ती बहुधा ‘बाबांनी चहा केला’ असंही म्हणून जाते. ही दुरुस्त पुनरुक्ती मुलं पकडतात, हे नंतरच्या अभ्यासांत दिसलं आहे. मला तीच सर्वांत चांगली पद्धत वाटते, कारण त्यात गप्पा तुटत नाहीत.

एक उदाहरण तपशिलात सांगते. 23 महिन्यांचा मुलगा, जवळपास 12 शब्द. कुणीतरी सांगितलं म्हणून घरात बाळबोलीवर पूर्ण बंदी होती, आजीलासुद्धा. मी आधी कानाची तपासणी करून घेतली, बेरा चाचणीसकट. ऐकणं व्यवस्थित होतं. बोलावल्यावर बघत होता, बोटानं दाखवत होता, सांगितलेलं समजत होतं. मग जेवणाच्या वेळचं 20 मिनिटांचं बोलणं मोबाइलवर मुद्रित करून आणायला सांगितलं आणि बसून मोजलं. मोठ्यांची 212 वाक्यं होती. त्यांतली 96 ‘हे काय आहे? सांग, कोण आहे?’ अशी परीक्षा घेणारी, आणि 61 ‘खा, बस, हात लावू नको’ अशा आज्ञा. मुलगा ज्या वस्तूकडे त्या क्षणी बघत होता त्याच वस्तूबद्दल कुणी बोललं, असं फक्त 19 वेळा झालं. प्रश्न विचारल्यावर सेकंदभरही न थांबता पुढचा प्रश्न येत होता. शब्द शुद्ध होते, पण त्याला तोंड उघडायला जागा नव्हती.

आम्ही बदललं ते एवढंच. दिवसातून दोनदा दहा मिनिटं, जेवताना आणि अंघोळीच्या वेळी, प्रश्न विचारायचे नाहीत. तो बघेल त्याबद्दल एक आखूड, पूर्ण वाक्य बोलायचं: ‘पाणी सांडलं.’ ‘वाटी गरम आहे.’ मग मनात पाचपर्यंत मोजून थांबायचं. तो ‘पाणी’ म्हणाला तर ‘हो, पाणी सांडलं’ असं एक पाऊल पुढे न्यायचं. आजीवरची बंदी मी उठवली. आजी बोलायला लागल्यावर घरातलं बोलणं वाढलं आणि हसू आलं, हे माझ्या दृष्टीनं ‘चिमणी’ की ‘चिऊ’ यापेक्षा मोठं होतं. तीन महिन्यांनी त्याचे 70च्या आसपास शब्द झाले आणि ‘पाणी सांडलं’, ‘आजी भूर’ अशा जोड्या आल्या. हे सगळं आमच्या बदलामुळे झालं असं मी म्हणणार नाही. ऐकणं आणि समज नीट असलेली, उशिरा बोलणारी बरीच मुलं तीन-चार वर्षांपर्यंत आपोआप बरोबरीला येतात. पण नंतरच्या मुद्रणात त्याची स्वतःची वाक्यं तिप्पट झाली होती, आणि मोठ्यांची कमी.

तुमच्या घरी हेच करून बघा. दहा मिनिटं मुद्रण करा आणि दुसऱ्या दिवशी ऐका. सासूबाई किती वेळा ‘अले’ म्हणाल्या ते मोजू नका. तो बघत होता त्याबद्दल किती वेळा कुणी बोललं, आणि त्याच्यासाठी किती वेळा थांबलं, ते मोजा. ‘भूर’ पुढे ‘बाहेर जाऊया’ होतं तेव्हा ते आजीच आपणहून बदलते. मुलाला ‘भूर’ यायला लागलं की ती ‘भूर जाऊया, बागेत जाऊया’ म्हणायला लागते, हे मी असंख्य घरांत ऐकलं आहे.

एका बाबतीत मात्र बोलण्याची कुठलीच पद्धत कामाची नसते. दीड वर्षापर्यंत एकही अर्थाचा शब्द नसेल, दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडत नसेल, नावानं हाक मारल्यावर वळत नसेल, बोटानं काही दाखवत नसेल, किंवा आलेले शब्द गेले असतील, तर आधी कान तपासा आणि मग वाचा-उपचारतज्ज्ञाला दाखवा. तुमच्या मुलाला आता किती शब्द आहेत ते प्रश्नात लिहिलेलं नाही. ‘मम्मं’ आणि ‘भूर’ त्यात धरा, तेही शब्दच आहेत.